राजीनामा मंजुरीच्या मेलमधली सहा वाक्यं

गेल्या डिसेंबरात माझ्या भाचीने फोनचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, मंजूर झाला! सुटले." मी मेल वाचला आणि तिला फोन करून सांगितलं, की सुटलीस खरी, पण किती रुपयांना सुटलीस ते यात कुठेच लिहिलेलं नाही.

मी पुण्यात बरीच वर्षं पगार विभागात काढली. सोडून जाणाऱ्यांचे शेवटचे हिशोब, म्हणजे ज्याला सगळे ‘एफ अँड एफ’ म्हणतात ते, करणं हेच काम. त्या अनुभवातून सांगतो, की शेवटच्या हिशोबात होणारी बहुतेक भांडणं राजीनामा मंजुरीच्या मेलमध्येच रुजलेली असतात. तो मेल आनंदाच्या भरात वाचला जातो. "कळवल्याबद्दल धन्यवाद" असं उत्तर जातं आणि दोन महिन्यांनी खात्यात आलेली रक्कम बघून डोळे पांढरे होतात.

भाचीला आलेला मेल अर्थातच इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत साधारण असा:

"तुमचा 1 डिसेंबर 2025 रोजीचा राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. तुमच्या विनंतीनुसार, कामाच्या गरजेच्या अधीन राहून, तुमचा शेवटचा कामाचा दिवस 31 जानेवारी 2026 राहील. नोटीस पीरियडमधील कमी पडणाऱ्या दिवसांची वसुली लागू पॉलिसीनुसार केली जाईल. रिपोर्टिंग मॅनेजरचे समाधान होईल अशा रीतीने हँडओव्हर पूर्ण करावा आणि कंपनीची मालमत्ता परत करावी. सर्व विभागांकडून नो ड्यूज मिळाल्यानंतर 45 दिवसांत फुल अँड फायनल हिशोब पूर्ण करून रिलीव्हिंग लेटर दिले जाईल. गोपनीयतेची आणि इतर बंधने नोकरी संपल्यानंतरही लागू राहतील."

तिची नोकरी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत होती. जुलै 2022 मध्ये रुजू झालेली, महिन्याचा एकूण पगार 72,000 रुपये, त्यातलं बेसिक 36,000. नोटीस 90 दिवसांची. नव्या कंपनीला ती 2 फेब्रुवारीला हवी होती, म्हणून तिने महिनाभर आधी सोडण्याची विनंती केली होती. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिली तारीख

पहिल्या वाक्यात राजीनाम्याची तारीख असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. भाचीने मॅनेजरला तोंडी सांगितलं 24 नोव्हेंबरला. मेल केला 1 डिसेंबरला. कंपनीच्या पोर्टलवर ‘सेपरेशन रिक्वेस्ट’ भरली 3 डिसेंबरला, कारण मॅनेजर म्हणाला, "आधी बोलू, मग पोर्टलवर टाक." आता नोटीस कधीपासून मोजायची?

तोंडी सांगितल्याला हिशोबात काडीची किंमत नसते. मेल की पोर्टल हे नेमणूकपत्र आणि कंपनीची पॉलिसी बघून ठरतं आणि काही ठिकाणी पोर्टलवरचीच तारीख धरतात. तिच्या मेलमध्ये 1 डिसेंबर लिहिलं होतं, म्हणजे हा प्रश्न तिच्या बाजूने सुटला. 3 तारीख लिहिली असती तर नोटीस दोन दिवसांनी पुढे सरकली असती आणि एकूण पगाराच्या दराने ते दोन दिवस 4,800 रुपयांचे झाले असते.

मोजणी कॅलेंडरच्या दिवसांनी होते. शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळं त्यात येतं. 1 डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर डिसेंबरचे 31, जानेवारीचे 31 आणि फेब्रुवारीचे 28 मिळून बरोबर 90 भरतात. म्हणजे पूर्ण नोटीस 28 फेब्रुवारीला संपणार होती. 31 जानेवारीपर्यंत 62 दिवस होतात, कमी पडतात 28. नोटीसच्या काळात रजा घेतली तर तेवढे दिवस नोटीस लांबवणाऱ्या कंपन्याही आहेत. ते पॉलिसीत आहे का, हे रजा टाकण्याआधी विचारावं.

राजीनामा मागे घेण्याचा विचार मनात असेल तर या पहिल्या वाक्याचं वजन आणखी वाढतं. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा तो लागू होण्याआधी मागे घेता येतो असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे, पण करारातल्या आणि सेवा नियमांतल्या अटी आड येऊ शकतात. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला, कारण राजीनामा स्वीकारल्याचं पत्र कार्यालयात तयार झालं होतं, पण ते त्याच्यापर्यंत पोचल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे मंजुरी फाइलमध्ये असून भागत नाही, ती तुम्हाला कळवावी लागते. मेल तुमच्या इनबॉक्समध्ये पडला, की ती कळवली गेली.

‘अधीन राहून’

दुसऱ्या वाक्यातला हा शब्दप्रयोग इंग्रजी मेलमध्ये ‘सब्जेक्ट टू’ म्हणून येतो आणि त्याच्या मागे जे काही येतं ते कंपनीच्या हातात राहतं. भाचीने 31 जानेवारी ही तारीख वाचली आणि नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख पक्की कळवायला निघाली. मी थांबवलं. या वाक्याप्रमाणे 20 जानेवारीला मॅनेजर म्हणू शकत होता, की प्रोजेक्टची डिलिव्हरी अडकली आहे, आता पूर्ण नोटीस कर.

अशा वेळी एका ओळीत विचारायचं: "31 जानेवारी ही तारीख अंतिम धरून मी पुढची तयारी करत आहे. यात बदल होण्याची शक्यता असल्यास कृपया 10 डिसेंबरपर्यंत कळवावे." उत्तर आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं तरी पुढे वाद झाला तर तुम्ही वेळेत विचारलं होतं याचा लेखी पुरावा हाताशी राहतो.

नोटीसबद्दल लोकांच्या मनात एक धास्ती असते, ती इथेच काढून टाकतो. पूर्ण नोटीस न करता गेलात तर कंपनी तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवू शकत नाही. वैयक्तिक सेवेचा करार जबरदस्तीने पाळून घ्या असा आदेश आपल्याकडे न्यायालय देत नाही. कंपनी पैसे मागू शकते आणि कागद अडवून धरायचा प्रयत्न करू शकते. रिलीव्हिंग लेटरशिवाय पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडतं, हा खरा दबाव असतो. म्हणून तारीख भांडून मिळवण्यापेक्षा लेखी मिळवणं महत्त्वाचं.

उलटा प्रकारही होतो. तुम्ही तीन महिने द्यायला तयार असता आणि कंपनी मेल करते, की राजीनामा तत्काळ प्रभावाने स्वीकारला, उद्यापासून येऊ नका. अशा वेळी उरलेल्या नोटीसचे पैसे कंपनीने द्यायचे की नाही, हे नेमणूकपत्रातल्या कलमावर ठरतं. काही करारांत दोन्ही बाजूंना सारखीच अट असते, काहींत कंपनीने स्वतःला सूट घेतलेली असते. मेलला उत्तर देण्याआधी ते कलम उघडून वाचावं.

सगळा पैसा जिथे दडलेला आहे ते वाक्य

"कमी पडणाऱ्या दिवसांची वसुली लागू पॉलिसीनुसार केली जाईल." भाचीची समजूत अशी, की विनंती मान्य झाली म्हणजे उरलेले दिवस माफ झाले. ही चूक मी शेकड्यांनी पाहिली आहे. लवकर सोडणं मान्य होणं वेगळं आणि वसुली माफ होणं वेगळं. मेलमध्ये ‘वेव्हड’, म्हणजे माफ, हा शब्द स्पष्ट लिहिलेला नसेल तर वसुली होणारच असं धरून चाला. मॅनेजर जेवताना म्हणाला असेल, "अरे, ते एचआर बघून घेईल, काही कापणार नाहीत." मॅनेजर पगार करत नाही. पगार विभागाला तो मेलच दिसतो.

आता वसुली कशाच्या दराने? इथे दोन शब्द येतात, बेसिक आणि ग्रॉस. नेमणूकपत्रात साधारण असं कलम असतं, की 90 दिवसांची नोटीस द्यावी किंवा त्याऐवजी तेवढ्या दिवसांचं वेतन. हे ‘वेतन’ म्हणजे नुसतं बेसिक, की सगळे भत्ते धरून ग्रॉस? भाचीच्या बाबतीत एका दिवसाचं बेसिक 1,200 रुपये आणि एका दिवसाचं ग्रॉस 2,400. थेट दुप्पट.

मी तिला 2022 चं नेमणूकपत्र शोधायला लावलं. ते तिच्या जुन्या मेलमध्ये सापडलं, आणि कलमात ‘बेसिक सॅलरी इन ल्यू ऑफ नोटीस’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण मंजुरीच्या मेलमध्ये नेमणूकपत्राचा उल्लेखच नाही, ‘लागू पॉलिसी’ आहे. आणि कंपनीच्या अंतर्गत साइटवरच्या 2024 च्या एचआर पॉलिसीत ग्रॉस लिहिलेलं.

करार आणि पॉलिसी यांत फरक असेल तर काय? तुमची सही करारावर आहे. बऱ्याच नेमणूकपत्रांत "कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या पॉलिसी लागू राहतील" असंही एक वाक्य असतं आणि कंपनी त्यावर बोट ठेवते. पण करारात एखाद्या गोष्टीचा दर नेमका लिहिलेला असताना तो पॉलिसीच्या पानाने मुकाट बदलला जातो हे कोणी सहज मान्य करू नये. अशा वेळी कलमाचा फोटो लावून विचारलं तर बहुतेक एचआर मान्य करतात, कारण त्यांनाही ते भांडण नको असतं.

आता रजा. तिच्या खात्यात 14 दिवसांची कमावलेली रजा शिल्लक होती, जिला आपण पीएल किंवा ईएल म्हणतो. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे ही रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. तिचे पैसे कंपनी बेसिकच्या दराने देत होती: 14 दिवस गुणिले 1,200, म्हणजे 16,800 रुपये. हिशोबाची गंमत बघा. कंपनीला द्यायचे असतील तेव्हा दिवसाची किंमत 1,200 आणि घ्यायचे असतील तेव्हा 2,400.

वसुली खरोखरच ग्रॉसने होणार असेल तर एक मार्ग असतो: शिल्लक रजा कमी पडणाऱ्या दिवसांत वळती करून मागायची. 28 दिवसांतून 14 गेले, की उरले 14, त्यांचे 33,600. रजेचे पैसे घेतले आणि वसुली पूर्ण होऊ दिली तर 67,200 वजा 16,800, म्हणजे 50,400 खिशातून जातात. रजा तीच, फरक 16,800 चा. दोन्ही दर बेसिकचेच असतील तर या वळतीने फरक पडत नाही. सगळ्या कंपन्या वळती करू देत नाहीत, पण मागितल्याशिवाय कोणीच करत नाही, आणि ती हिशोब बंद होण्याआधीच मागावी लागते.

भाचीने तेव्हा मेलला उत्तर दिलं, पण त्यात नुसतं तारखेचं विचारलं. दराचं विचारायला तिला अवघड वाटलं. "अजून दोन महिने काढायचेत मामा, आत्ताच पैशाचं कुठे काढू." समजण्यासारखं आहे. त्याची किंमत फेब्रुवारीत दिसली.

फेब्रुवारीतला कागद

एफ अँड एफचा कच्चा हिशोब तिला फेब्रुवारीच्या मध्यावर आला. जानेवारीचा पगार कंपनीने रोखून धरला होता. शेवटच्या महिन्याचा पगार असा रोखून हिशोबात घेणं सर्रास चालतं. तिचा कागद असा होता:

जानेवारीचा पगार: 72,000
रजेचे पैसे, 14 दिवस: 16,800
एकूण देणं: 88,800

पीएफ: 1,800
व्यवसाय कर: 200
नोटीसची वसुली, 28 दिवस: 67,200
वसुलीवर 18 टक्के जीएसटी: 12,096
एकूण कपात: 81,296

हातात येणारी रक्कम: 7,504

महिनाभर काम करून साडेसात हजार. तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. प्राप्तिकर कापलेला नव्हता, कारण तेवढ्या उत्पन्नावर नव्या कर प्रणालीत तिला कर लागत नव्हता. बाकी दोन ओळी मात्र चुकीच्या होत्या.

पहिली ओळ जीएसटीची. एके काळी नोटीसची वसुली म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्याला लवकर सोडण्याची ‘सेवा’ दिली असा अर्थ काढून काही जण त्यावर जीएसटी लावत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 3 ऑगस्ट 2022 च्या 178 क्रमांकाच्या परिपत्रकात हे निकालात काढलं: नोटीस न पाळल्याबद्दल घेतलेली रक्कम ही कुठल्या सेवेचा मोबदला नाही, तिच्यावर जीएसटी लागत नाही. तिच्या कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना साचा तसाच राहिला असावा. परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख लिहून पाठवल्यावर ही ओळ दुसऱ्याच दिवशी गेली.

दुसरी ओळ वसुलीच्या दराची. तिने नेमणूकपत्राचं ते पान जोडलं आणि चार ओळींचा मेल लिहिला. मी शब्द सुचवले, राग तिने स्वतःच गिळला:

"कच्च्या हिशोबात नोटीसच्या 28 दिवसांची वसुली ग्रॉस दराने धरली आहे. माझ्या नेमणूकपत्रातील संबंधित कलमात हा दर बेसिक असा नमूद आहे, प्रत सोबत जोडली आहे. त्यानुसार रक्कम 33,600 होते. कृपया दुरुस्त हिशोब पाठवावा, त्यानंतर मी मान्यता देईन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. कच्च्या हिशोबाखाली ‘आय अ‍ॅग्री’ असं बटण असतं किंवा "यापुढे माझी कंपनीकडे कोणतीही मागणी उरलेली नाही" अशा मजकुरावर सही मागतात. ती सही दिली, की नंतर भांडायची ताकद निम्मी होते. चूक दिसत असेल तर आधी दुरुस्ती, मग सही.

आठवड्याभराने दुरुस्त कागद आला: 88,800 मधून पीएफ आणि व्यवसाय कराचे 2,000 आणि वसुलीचे 33,600 वजा जाऊन 53,200. आधीच्या कागदापेक्षा 45,696 रुपये जास्त.

नव्या कंपनीने ‘नोटीस बायआउट’, म्हणजे नोटीसच्या वसुलीची भरपाई, द्यायचं कबूल केलं असेल, तर वसुलीची ही ओळ असलेला अंतिम हिशोब त्यांना पुरावा म्हणून लागतो. तो पीडीएफ स्वतःकडे ठेवा. बायआउट म्हणून मिळणारी रक्कम साधारणपणे पगारात धरली जाते आणि तिच्यावर कर लागतो, हेही आधीच धरून चला.

45 दिवस कुठून आले?

पाचव्या वाक्यातले 45 दिवस ही कंपन्यांची सवय आहे. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, म्हणजे भाचीच्या राजीनाम्याच्या दहा दिवस आधी. तिच्यात राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं असं म्हटलं आहे. मेलचा साचा मात्र त्याआधीचाच होता. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा पगार. रजेचे पैसे, खर्चाची बिलं, बोनस असल्या गोष्टी कंपन्या अजूनही त्यांच्या ठरलेल्या फेरीतच देतात. त्यामुळे मागणी करायची तर नेमकी करावी: जानेवारीचा पगार आत्ता द्या, बाकीचा हिशोब तुमच्या वेळेत करा. नुसतं "माझे पैसे कधी देणार" या प्रश्नाला "45 दिवसांत" हेच उत्तर येतं.

भाचीने तसं लिहिलं, पण तिला पगार हिशोबासोबतच मिळाला. तिला ते पुढे ताणायचं नव्हतं. ज्यांना ताणायचं असेल त्यांच्यासाठी आधी एचआरला लेखी स्मरणपत्र, मग कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार हा रस्ता आहे. तिथे तोंडी कहाणीपेक्षा मंजुरीचा मेल, पगाराच्या पावत्या आणि हिशोबाचा कागद या तीन गोष्टी जास्त बोलतात.

ग्रॅच्युइटीचा प्रश्न तिच्याबाबतीत आला नाही, कारण नोकरी साडेतीन वर्षांची. कायम कर्मचाऱ्याला ती साधारणपणे पाच वर्षं सलग झाल्यावर लागू होते: शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागून, 15 ने आणि वर्षांच्या संख्येने गुणायचं. देय झाल्यापासून 30 दिवसांत ती मिळायला हवी. ज्यांची पाच वर्षं दोन-तीन महिन्यांवर आली आहेत, त्यांनी लवकर सोडण्याची विनंती करण्याआधी हा गुणाकार एकदा करून बघावा. शेवटचा दिवस थोडा अलीकडे ओढण्याच्या नादात काहींनी लाखभर रुपये सोडलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते नंतर कळलं.

समाधान कोणाचं, कशाने?

चौथ्या वाक्यात हँडओव्हर मॅनेजरचं ‘समाधान होईल अशा रीतीने’ करायचा आहे. समाधानाला माप नसतं. माप नसलेली अट सही अडवायला फार सोयीची असते. त्यावर उपाय एकच, माप आपणच लिहायचं.

भाचीकडे तीन क्लायंटचे मासिक रिपोर्ट, एक रोज रात्री चालणारी स्क्रिप्ट आणि एका पुरवठादाराची बिलं तपासायचं काम होतं. तिने 8 डिसेंबरला मॅनेजरला एक यादी पाठवली. प्रत्येक कामापुढे ते कोणाला देणार, कोणत्या तारखेला दाखवणार आणि ते पूर्ण झालं हे कशावरून ठरणार. रिपोर्टसाठी लिहिलं, की जानेवारीचा रिपोर्ट नवीन माणूस स्वतः काढेल आणि मी फक्त बाजूला बसेन. स्क्रिप्टसाठी, की तिचं पासवर्ड खातं माझ्या नावावरून टीमच्या नावावर जाईल. ही बाब जवळजवळ नेहमी राहून जाते. माणूस जातो, त्याचं खातं बंद होतं आणि तिसऱ्या रात्री स्क्रिप्ट मरते. मग फोन येतात, आणि नो ड्यूजची सही लटकते.

यादीखाली तिने लिहिलं, "यात काही वाढवायचे असल्यास 12 डिसेंबरपर्यंत सांगावे." मॅनेजरने एक काम वाढवलं. चांगलं झालं, आता यादी दोघांची झाली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिने त्याच मेलवर प्रत्येक ओळीपुढे ‘पूर्ण’ असं तारखेसह लिहून पाठवलं आणि मॅनेजरकडून ‘नोटेड, थँक्स’ एवढं उत्तर घेतलं. एवढ्याने भागतं.

नवीन माणूसच नेमलेला नसेल तर? भरती हे तुमचं काम नाही. अशा वेळी कामाची लेखी माहिती करून मॅनेजरच्या नावाने जमा करायची आणि तसं मेलमध्ये म्हणायचं.

मालमत्तेचा भाग छोटा आहे, पण त्यात पैसे अडकतात. शेवटचा दिवस शनिवार, ऑफिस बंद, म्हणून लॅपटॉप तिने शुक्रवारी 30 जानेवारीला आयटी विभागाच्या खिडकीवर दिला. पावतीवर खिडकीतल्या मुलाने लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहिला आणि पावती पुढे सरकवली. चार्जर, हेडसेट आणि ओळखपत्र टेबलावर पडलेलं, पावतीवर त्यांचं नाव नाही. तिने तिथेच थांबून तीन ओळी वाढवून घेतल्या. तो म्हणाला, "मॅडम, ते धरलेलंच असतं." धरलेलं नसतं. चार्जरचे पैसे कापल्याचे किती कागद मी स्वतः पुढे पाठवले आहेत.

लॅपटॉप देण्याआधी स्वतःचे कागद काढून घेणं आलं: सगळ्या पगार पावत्या, फॉर्म 16, नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रं आणि हा मंजुरीचा मेल. शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं बंद होतं आणि हा मेल कंपनीच्याच इनबॉक्समध्ये अडकतो. एचआरला सांगून तो तुमच्या खासगी पत्त्यावर मागवून घेणं सगळ्यात स्वच्छ. कामाच्या फाइल्स मात्र स्वतःला पाठवू नका. ‘नमुना म्हणून’ पाठवलेली एक एक्सेल शीट सहाव्या वाक्यातल्या गोपनीयतेच्या अटीत नेऊन बसवते, आणि असे मेल कंपनीच्या यंत्रणेत दिसतात.

त्याच सहाव्या वाक्यातल्या ‘इतर बंधनां’त बहुधा प्रतिस्पर्धी कंपनीत एवढे महिने जाऊ नका असं कलम लपलेलं असतं. नोकरी संपल्यानंतर रोजगारावर घातलेली अशी बंदी भारतीय करार कायद्याच्या 27 व्या कलमामुळे साधारणपणे टिकत नाही. गोपनीयता टिकते. प्रशिक्षणाच्या बाँडची गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती मोडल्यास दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. त्यामुळे बाँड असेल तर तो कागद वकिलाला दाखवावा, ऐकीव सल्ल्यावर सोडू नये.

राहता राहिला पीएफ. मेलमध्ये त्याचा उल्लेख बहुधा नसतोच. कंपनीने पीएफच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरली, की जुन्या खात्यातली रक्कम नव्या कंपनीकडे वळवता येते. ही तारीख मेलमधल्या शेवटच्या दिवसाशी जुळायला हवी. चुकून 28 फेब्रुवारी भरली गेली तर 2 फेब्रुवारीला रुजू झालेल्या नव्या नोकरीशी ती भिडते आणि मग संयुक्त दुरुस्तीच्या अर्जाची रखडपट्टी सुरू होते. कंपनीने तारीख भरलीच नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून सदस्याला स्वतः पोर्टलवर Manage खालच्या Mark Exit मध्ये ती भरता येते. भाचीच्या कंपनीने ती मार्चमध्ये भरली, 31 जानेवारीच. ते बघून तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, आणि या वेळी खाली काहीच लिहिलं नव्हतं.